रिव्ह्यू कधी घ्यायचा: नव्या कॅप्टन-कीपरसाठी हिशेब

सोलापुरातल्या एका वीस षटकांच्या स्पर्धेत आयोजकांनी खेळपट्टीच्या दोन्ही टोकांना स्टँडवर मोबाइल लावले होते आणि प्रत्येक संघाला डावात एकच रिव्ह्यू, म्हणजे अंपायरचा निर्णय कॅमेऱ्यावर पुन्हा तपासून मागायची संधी, दिली होती. मी कीपिंग करत होतो, कॅप्टनही मीच होतो. तेराव्या षटकात समोरच्यांचे सात गडी बाद झालेले. एका टोकाला अर्धशतक झालेला त्यांचा सेट फलंदाज, दुसऱ्या टोकाला नुकताच आलेला नऊ नंबरचा. चेंडू त्या नऊ नंबरवाल्याच्या बॅटजवळून माझ्या ग्लोव्हजमध्ये आला आणि टक असा आवाज झाला. आमचा गोलंदाज धावत आला, “घे बे, शंभर टक्के लागलीय!” मी घेतला. मोबाइलवर स्पष्ट दिसलं की बॅट जमिनीवर आपटली होती. रिव्ह्यू गेला. पुढच्या दोन षटकांत सेट फलंदाजाच्या बॅटची कड लागली. चेंडूने दिशा बदललेली मी ग्लोव्हजजवळ स्वतः पाहिली. अंपायरने नाबाद दिलं आणि आमच्याकडे मागायला काहीच नव्हतं. त्यानेच सामना संपवला.

बरेच दिवस मला वाटत होतं की माझी चूक आवाज ओळखण्यात झाली. तसं नव्हतं. आवाज कोणाचाही चुकतो. चूक ही, की नऊ नंबरच्या फलंदाजासाठी मी शेवटचा रिव्ह्यू पणाला लावला आणि तेव्हा दुसऱ्या टोकाला सेट माणूस उभा आहे हे डोक्यातच नव्हतं. त्यानंतर मी हा हिशेब नीट मांडायला शिकलो. क्लबमध्ये नव्याने कॅप्टन किंवा कीपर झालेल्या मुलांना तोच सांगतो, इथे पायरी-पायरीने लिहितो. मुख्य भर पायचीतवर आहे, कारण रिव्ह्यू सर्वात जास्त तिथेच वाया जातात.

१. सामन्याआधी: नियम विचारून कागदावर लिहा

आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये कसोटीत डावाला तीन आणि एकदिवसीय व टी-२० सामन्यांत दोन रिव्ह्यू मिळतात. ही संख्या ‘किती वेळा मागता येईल’ याची नसते, ‘किती वेळा चुकता येईल’ याची असते. तुम्ही बरोबर ठरलात तर रिव्ह्यू शिल्लकच राहतो. निकाल ‘अंपायर्स कॉल’, म्हणजे अगदी काठावरचा, आला तर मैदानावरचा निर्णय बदलत नाही, पण २०१७ पासून रिव्ह्यूही जात नाही. चेंडू मृत झाल्यापासून पंधरा सेकंदांत मागणी करावी लागते. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाकडून फक्त कॅप्टन मागू शकतो आणि बाद दिलेला फलंदाज फक्त स्वतःसाठी. बाहेरून इशारा घेता येत नाही. २०१७ च्या बेंगळुरू कसोटीत स्टीव्ह स्मिथने ड्रेसिंग रूमकडे पाहिलं, तेव्हा अंपायरने मध्ये पडून त्याला रोखलं होतं.

स्थानिक स्पर्धेत मात्र यातलं काहीही गृहीत धरू नका. टॉसच्या आधी आयोजकांना चार गोष्टी विचारा. रिव्ह्यू किती? बरोबर ठरला तर परत मिळतो का? कॅमेरे कुठे आहेत? पायचीतला रिव्ह्यू आहे का? आमच्या त्या स्पर्धेत बॉल ट्रॅकिंग नव्हतं, म्हणून पायचीतचा रिव्ह्यूच नव्हता. आणि मोबाइल सरळ रेषेत लावलेला नसेल तर बॅट आणि चेंडू यांच्यातली फट दिसतच नाही. असा कॅमेरा असेल तर तुम्ही बरोबर असूनही हरता, कारण ठोस पुरावा नसला की मूळ निर्णय कायम राहतो.

सोबत लागणारं सामान थोडंच आहे: खिशात हे नियम लिहिलेली चिठ्ठी आणि घरी एक वही. वहीचं काम शेवटी सांगतो.

२. पायचीत म्हणजे चार दरवाजे

पॅडवर चेंडू लागला, सगळे ओरडले आणि अंपायरने मान हलवली. त्या क्षणी मनात एकच भावना असते, ‘आउट होता’. ही भावना बाजूला ठेवून चार प्रश्न वेगवेगळे विचारायचे.

टप्पा लेग स्टंपच्या बाहेर तर नव्हता? आधी बॅट तर लागली नाही? पॅडला लागला तेव्हा चेंडू स्टंपांच्या रेषेत होता का? आणि पुढे जाऊन तो स्टंपांवर आदळला असता का? फलंदाजाने फटका खेळायचा प्रयत्नच केला नसेल तर तिसऱ्या प्रश्नात ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडूही चालतो. बाकी वेळी चारही दरवाजे उघडे लागतात, एक बंद असला तरी संपलं.

आता गुणाकार करा. उजव्या हाताचा मध्यमगती गोलंदाज, उजव्या हाताचा फलंदाज, पुढच्या पायावर पॅडला चेंडू लागला. टप्पा ठीक असण्याची शक्यता ९० टक्के धरू. बॅट न लागल्याची ९०. रेषेत लागल्याची ८०. स्टंपांवर पूर्णपणे आदळण्याची ४०. प्रत्येक उत्तर सुटं पाहिलं तर बरं वाटतं, पण एकत्र गुणलं तर येतात जेमतेम २६ टक्के. मैदानावर याच चेंडूला गोलंदाज ‘शंभर टक्के’ म्हणतो. तो खोटं बोलत नसतो, त्याने चारपैकी एकच दरवाजा पाहिलेला असतो.

शेवटच्या दरवाजाला फक्त ४० का धरले? पॉपिंग क्रीज स्टंपांपासून १.२२ मीटरवर असते. फलंदाजाने लांब पाय टाकला तर पॅड स्टंपांपासून दोन मीटरहून जास्त पुढे असतो. तेवढ्या अंतरात चेंडू आणखी वळतो, आणखी उसळतो. तिन्ही स्टंप मिळून रुंदी जेमतेम २३ सेंटिमीटर आणि उंची ७१. गुडघ्याच्या वर लागलेला, पाय पुढे टाकलेला चेंडू बहुतेकदा वरून जातो. मागच्या पायावर, क्रीजमध्ये खोल लागलेल्या चेंडूला मात्र चुकायला अंतरच उरत नाही, तिथे ४० चे ७० धरायला हरकत नाही. आमच्या सरावाच्या काळ्या मातीच्या विकेटवर उन्हाळ्यात दुपारनंतर चेंडू खाली बसायला लागतो. तिथे उंचीची काळजी आणखी कमी करायची. विकेट कशी वागतेय हे पहिल्या पाच षटकांत पाहून ठेवायचं काम कीपरचं.

३. अंपायरने ‘नाही’ का म्हटलं, ते आधी ओळखा

ही पायरी मला सर्वात उशिरा कळली आणि सर्वात जास्त उपयोगी पडली. अंपायर स्टंपांच्या बरोबर मागे, सरळ रेषेत उभा असतो. त्याने नाबाद दिलं म्हणजे त्याला कुठलातरी एक दरवाजा बंद दिसला. तो कोणता, याचा अंदाज करा आणि पंधरा सेकंद फक्त त्याच दरवाजावर खर्च करा. फलंदाजांनी धाव घेतली आणि अंपायरने लेग बायची खूण केली, तर बॅट लागलेली नाही हे त्यालाही मान्य आहे. मग शंका टप्प्याची, रेषेची किंवा उंचीची. धाव झाली आणि लेग बाय दिलाच नाही, तर त्याच्या मते बॅट लागली आहे. त्या वेळी कीपर आणि स्लिपला पक्कं ठाऊक असेल की बॅट लागलेली नाही, तर तुमच्या हातात अंपायरपेक्षा जास्त माहिती आहे. रिव्ह्यू खरा फळतो तो अशाच ठिकाणी.

उलट, अंपायरला जे दिसलं तेच तुम्हालाही तेवढंच दिसलं असेल, तर तुमचा अंदाज त्याच्यापेक्षा चांगला असायचं काही कारण नाही. तो रोज तेच पाहतो.

कोणाला काय विचारायचं हेही आधीच ठरलेलं असू द्या. रेषा आणि बॅटची कड कीपरला. उंची पॉइंट किंवा स्क्वेअर लेगच्या क्षेत्ररक्षकाला, कारण बाजूने पाहणाऱ्यालाच उंची कळते. बसलेल्या कीपरला ती नीट कळत नाही. गोलंदाजाला फक्त ‘बॅट लागली का?’ एवढंच विचारा, रेषा विचारू नका. चेंडू सोडल्यावर तो खेळपट्टीच्या कडेला गेलेला असतो, तिथून सगळंच सरळ दिसतं.

४. अर्धा चेंडू

अंपायर्स कॉलमुळे तोच चेंडू दोन वेगळे निकाल देतो. चेंडू लेग स्टंपला घासून जाणार असेल आणि मैदानावर बाद दिलेलं असेल, तर बाद. नाबाद दिलेलं असेल, तर नाबाद. निर्णय उलटवायला अर्ध्याहून जास्त चेंडू स्टंपांवर आदळताना दिसावा लागतो. रेषेचंही तसंच. म्हणून क्षेत्ररक्षण करताना ‘लेग स्टंपला लागला असता’ हे कारण पुरत नाही. मधल्या स्टंपवर किंवा त्याच्या आसपास जाताना दिसला, तरच तो दरवाजा उघडा धरा.

पण याची दुसरी बाजूही आहे. अंपायर्स कॉलमध्ये रिव्ह्यू वाचतो. म्हणून वरच्या उदाहरणातल्या शंभर चेंडूंची विभागणी तीन वाट्यांत करायची. २६ वेळा विकेट मिळेल, समजा २० वेळा अंपायर्स कॉल येईल आणि फायदा-तोटा काही होणार नाही, उरलेल्या ५४ वेळा रिव्ह्यू जाईल. हिशेबात २६ विरुद्ध ५४ एवढंच उरतं.

५. हातातल्या रिव्ह्यूची किंमत काढा

जानेवारीत सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते, तेव्हा लहानपणी घरून मोजकेच पैसे मिळायचे. पहिल्याच पाळण्यात सगळे गेले तर पुढची संध्याकाळ नुसती बघत फिरायची. शेवटच्या दिवशी खिशात उरलेल्या पैशांचाही काही उपयोग नसायचा. रिव्ह्यूचं गणित हेच आहे. त्याची किंमत ‘पुढे तो किती उपयोगी पडेल’ एवढीच, आणि ती षटकागणिक उतरते.

आकड्यांत मांडू. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमच्या सामन्याप्रमाणे बदला. टी-२० सामना, सहावं षटक चालू, एकच रिव्ह्यू शिल्लक. उरलेल्या चौदा षटकांत अंपायरची आपल्या विरोधात उघड चूक होईल आणि ती आपल्याला ओळखू येईल, याची शक्यता ३० टक्के धरू. अशी विकेट सरासरी ८ धावांच्या मोलाची. म्हणजे रिव्ह्यूची आजची किंमत ८ च्या ३० टक्के, २.४ धावा.

समोर त्यांचा सर्वात चांगला फलंदाज आहे, त्याची विकेट १२ धावांची. मघाचा २६ टक्क्यांचा चेंडू त्याच्या पॅडला लागला. मिळकत १२ च्या २६ टक्के, साधारण ३.१ धावा. जोखीम २.४ च्या ५४ टक्के, १.३ धावा. घ्या! विकेट मिळण्यापेक्षा रिव्ह्यू जाण्याची शक्यता दुप्पट असूनही घ्यायचा. ‘पन्नास टक्क्यांहून जास्त खात्री असेल तरच घ्यावा’ हा नियम मी अनेकांच्या तोंडून ऐकलाय, तो चुकीचा आहे.

आता तोच चेंडू, तीच २६ टक्के शक्यता, पण समोर शेपटातला फलंदाज, विकेट ३ धावांची. मिळकत ०.८, जोखीम तीच १.३. सोडून द्या. चेंडूत काहीच फरक नाही, फक्त माणूस बदलला आणि उत्तर उलटं झालं. माझा तेराव्या षटकातला निर्णय इथेच चुकला होता.

आणि दोन रिव्ह्यू शिल्लक असतील तर? पहिला गेला तरी एक उरतोच. दोन्ही लागतील अशी वेळ क्वचित येते, समजा १०० त ५. मग पहिल्याची किंमत ०.४ धावाच. जोखीम ०.२ वर येते आणि शेपटातल्या फलंदाजासाठीही रिव्ह्यू घेणं परवडतं. दोन असताना एक सैल हाताने वापरता येतो, शेवटचा मात्र घट्ट धरायचा. नवे कॅप्टन बहुतेकदा उलटं करतात. पहिला जपून ठेवतात, तो नाइलाजाने गेला की चिडून दुसरा लगेच मागतात.

एकोणिसाव्या षटकात शिल्लक रिव्ह्यूची किंमत जवळजवळ शून्य होते. तिथे थोडी जरी शक्यता असली तरी मागा.

६. फलंदाजी करताना

इथे दरवाजांचं गणित उलटं होतं. क्षेत्ररक्षकांना चारही उघडे लागतात, तुम्हाला एक बंद दाखवला की पुरे. पण तो पूर्ण बंद हवा. स्टंपला चेंडूची किनार जरी लागताना दिसली तरी बाद कायम राहतं.

झेलबाद दिलं आणि बॅट लागलेली नाही हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, किंवा पायचीत दिलं आणि पॅडच्या आधी बॅटला लागलेलं हाताला जाणवलं, तर विचार करू नका, मागा. ही माहिती फक्त तुमच्याकडे असते. बाकी सगळ्यासाठी नॉन-स्ट्रायकरकडे पाहा आणि त्याला एकच प्रश्न विचारा, ‘रेषेत होता का?’ २०११ च्या विश्वचषकात मोहालीच्या उपांत्य सामन्यात सचिन तेंडुलकरला २३ धावांवर सईद अजमलच्या चेंडूवर पायचीत दिलं होतं. ट्रॅकिंगमध्ये चेंडू लेग स्टंपच्या बाहेरून जाताना दिसला आणि तो पुढे ८५ पर्यंत खेळला. वळून लेगला जाणारा चेंडू हा फलंदाजाच्या रिव्ह्यूसाठी चांगला चेंडू असतो.

सापळा सलामीवीरांचा आहे. ‘मी महत्त्वाचा आहे’ म्हणून ते प्लंब असतानाही मागतात. पण त्यांच्या मागे नऊ जणांची फलंदाजी उरलेली असते, म्हणजे रिव्ह्यूची किंमत तेव्हाच सर्वात जास्त. दहा नंबरवाल्याने मात्र बिनधास्त मागावा, त्याच्यामागे जपून ठेवण्यासारखं काही उरत नाही.

आणखी एक नियम माहीत असू द्या. बाद दिल्याक्षणी चेंडू मृत होतो. रिव्ह्यूत तुम्ही वाचलात तरी त्या चेंडूवरच्या लेग बायच्या धावा मिळत नाहीत. शेवटच्या चेंडूवर एक धाव हवी असेल तर हे लक्षात ठेवूनच पुढचा विचार करा.

७. हेडिंग्लेचा तो रिव्ह्यू

ऑगस्ट २०१९, ॲशेसची तिसरी कसोटी, लीड्सचं हेडिंग्ले मैदान. इंग्लंडसमोर ३५९ धावांचं लक्ष्य, नऊ गडी बाद, बेन स्टोक्स आणि शेवटचा जॅक लीच खेळत होते. तेव्हा कसोटीत डावाला दोनच रिव्ह्यू होते आणि ऑस्ट्रेलियाकडे शेवटचा उरलेला. पॅट कमिन्सचा चेंडू लीचच्या पॅडला लागला, अंपायरने नाबाद दिलं, ऑस्ट्रेलियाने रिव्ह्यू मागितला. टप्पा लेग स्टंपच्या बाहेर होता, रिव्ह्यू गेला. पुढच्याच षटकात, इंग्लंडला जिंकायला दोन धावा हव्या असताना, नेथन लायनच्या चेंडूवर स्टोक्स पॅडवर सापडला. नाबाद. ट्रॅकिंगमध्ये चेंडू स्टंपांवर आदळत होता, पण मागायला रिव्ह्यू नव्हता. इंग्लंड एका गड्याने जिंकलं.

सगळे म्हणतात की तो रिव्ह्यू वेडेपणा होता. मला वाटतं, नीट मांडून पाहायला हवं. इथे लीच बाद काय, स्टोक्स बाद काय, एक गडी म्हणजे सामनाच. म्हणून फलंदाज कोण, हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न एकच: उरलेल्या मोजक्या चेंडूंत अंपायरची उघड चूक होऊन रिव्ह्यू लागेल, याची शक्यता किती? समजा १०० त ५. मग कमिन्सच्या चेंडूला सुमारे ५ टक्के शक्यता असती तरी मागणं योग्य ठरलं असतं! म्हणजे ‘शेवटचा रिव्ह्यू कमी खात्रीवर वापरला’ ही त्यातली चूक नाही. चूक चार दरवाजांतल्या पहिल्याच दरवाजाची. टप्पा लेगबाहेर पडलेला दिसत असेल तर शक्यता पाचही उरत नाही, ती शून्याजवळ जाते. एवढ्या गदारोळातही कीपरने एकच गोष्ट बघायची होती, चेंडू पडला कुठे.

आणि निकालावरून निर्णयाला नावं ठेवायची सवय मोडा. पुढच्या षटकात स्टोक्सच्या पॅडला चेंडू लागणार हे कमिन्सच्या चेंडूच्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हतं.

८. वहीचा सराव

टीव्हीवर सामना बघताना पायचीतचं अपील झालं आणि रिव्ह्यू मागितला की, रीप्ले सुरू व्हायच्या आत तुमचा आकडा वहीत लिहा. नुसतं बाद-नाबाद नको, चार दरवाजांचे चार आकडे आणि त्यांचा गुणाकार. रेकॉर्ड केलेला सामना असेल तर थांबवून लिहा. शेजारी निकाल तीनपैकी एक: बदलला, अंपायर्स कॉल, गेला. आणि कोणता दरवाजा बंद निघाला, तेही.

पन्नासेक नोंदी झाल्या की ज्यांना तुम्ही ६० ते ८० लिहिलं होतं तेवढ्याच बाजूला काढा आणि त्यातले खरोखर किती बदलले ते मोजा. माझे निम्म्याहून कमी निघाले होते. जवळपास सगळे एकाच दरवाजाशी अडकलेले: उंची. मी कीपरच्या नजरेने, खाली बसून चेंडू बघत होतो. त्यानंतर आमच्या संघात पॉइंटला उभ्या राहणाऱ्या मुलाशी मी एक खूण ठरवली. अपील झालं की तो मांडीवर हात ठेवतो किंवा गुडघ्यावर. मांडीवर हात दिसला की गोलंदाज कितीही ओरडू दे, मी हात वर करत नाही.